दहा किलोचा फराळ, बावीस किलोचं बिल

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आमच्या कर्वेनगरच्या कुरिअर काउंटरवर फराळाशिवाय दुसरा विषय नसतो. अमेरिका, जर्मनी, सिंगापूर, बंगळुरू, जिथं म्हणून लेकरं आहेत तिथं खोकी जातात. त्या गर्दीत एक काकू आणि काका आले. लेक न्यू जर्सीत, पहिलीच दिवाळी घरापासून लांब. काकूंनी सगळं घरी केलेलं. आदल्या दिवशी त्यांनी मला फोनवर दर विचारला होता. मी विचारलं, "वजन किती भरेल?" त्या म्हणाल्या, "दहाच्या आत." मी सांगितलं, दहा किलोला ७२० रुपये किलोप्रमाणे ७,२०० होतील, इंधन अधिभार आणि जीएसटी वेगळा. काकूंनी तेवढे पैसे मनात धरून ठेवले.

खोकं काट्यावर ठेवलं तर ९.८ किलो. काकूंचा अंदाज अगदी बरोबर. मग मी टेप घेतली, खोकं मोजलं, आणि सॉफ्टवेअरनं वजनाच्या रकान्यात २२ किलो दाखवलं. रक्कम १५,८४०.

काकू एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, काट्यावर तर दहा आहे. बाकीचे बारा किलो कसले?"

प्रश्न रास्त होता, आणि चूक माझी होती. मी फोनवर वजन विचारलं, खोक्याचं माप विचारलंच नाही. त्या दिवशी त्यांच्याबरोबर बसून ते खोकं उघडलं, पुन्हा भरलं, आणि शेवटी पाठवलं. तो सगळा हिशेब इथं मांडते, कारण दरवर्षी हाच प्रश्न दहा जण विचारतात आणि गर्दीत त्याचं पूर्ण उत्तर देणं जमत नाही.

आधी ते बारा किलो कुठून आले ते पाहू. कुरिअरवाला पार्सलची दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं. दुसरं त्यानं अडवलेल्या जागेचं, ज्याला आम्ही व्हॉल्युमेट्रिक म्हणतो. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचं बिल. परदेशी एक्स्प्रेस कुरिअरमध्ये दुसऱ्या वजनाचा हिशेब बहुतेक ठिकाणी असा:

```
लांबी × रुंदी × उंची (सेमी) ÷ ५००० = किलो
```

काकूंचं खोकं मायक्रोवेव्हचं होतं. शेजाऱ्यांकडून आणलेलं, चांगलं जाड, भक्कम. लांबी ५८, रुंदी ४३, उंची ४१ सेंटिमीटर. पण आत बरण्या जरा उंच झाल्या होत्या, त्यामुळे वरचे पाखे नीट बसत नव्हते. काकांनी ते दाबून त्यावर ब्राउन टेपचे चार वेढे दिले होते, आणि मधोमध खोकं पुरीसारखं फुगलं होतं. माप घ्यायचं ते सगळ्यात फुगीर जागी, कडेला नाही. तिथं उंची ४४ भरली. ५८ गुणिले ४३ गुणिले ४४ म्हणजे १,०९,७३६. भागिले ५,००० म्हणजे २१.९५. कुरिअरमध्ये अर्ध्या अर्ध्या किलोच्या पायऱ्या असतात आणि मधला आकडा नेहमी वरच्या पायरीवर जातो, म्हणून २२.

फक्त तो फुगवटा नसता तर? उंची ४१ धरली तर २०.४५ येतं, म्हणजे साडेवीस. तीन सेंटिमीटरच्या फुगवट्याची किंमत दीड किलो, म्हणजे १,०८० रुपये. टेपचे चार वेढे महागात पडले होते.

काकांचं म्हणणं वेगळंच होतं. ते बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी इंटरनेटवरून सूत्र आधीच काढलं होतं आणि खिशातून कागद बाहेर काढला. त्यावर लिहिलं होतं: २३ × १७ × १६ = ६,२५६. भागिले ५,००० = १.२५ किलो. "हे बघ, आकारानं तर सव्वा किलोच येतंय. मग काट्याचंच वजन धरायला हवं."

गुणाकार, भागाकार दोन्ही अचूक. फक्त त्यांच्या घरातली टेप इंचाची होती. ५,००० हा भाजक सेंटिमीटरचा आहे. एक घनइंच म्हणजे १६.३९ घनसेंटिमीटर, त्यामुळे इंचात मोजलं तर भागायचं ३०५ नं. ६,२५६ भागिले ३०५ केलं की साडेवीस येतं, म्हणजे फुगवट्याशिवाय माझं जे उत्तर होतं तेच. शिंप्याची टेप आणि सुताराची टेप दोन्हींवर दोन बाजूंना दोन मापं असतात, त्यामुळे ही चूक फार होते. उत्तर खरं की खोटं हे ओळखायची एक सोपी खूण आहे: गुडघ्याएवढ्या खोक्याचं व्हॉल्युमेट्रिक वजन एक-दोन किलो आलं, तर टेपची बाजू उलटून बघा.

आता हे ५,००० म्हणजे काय, हे काकूंना समजावताना मला दुधाच्या पिशवीचा उपयोग होतो. ५,००० घनसेंटिमीटर म्हणजे पाच लिटर. अर्ध्या लिटरच्या दहा दुधाच्या पिशव्या जितकी जागा घेतात, तितक्या जागेला कुरिअर एक किलो मोजतं. तेवढ्या जागेत तुम्ही एक किलोपेक्षा जास्त माल बसवला, तर काट्याचं वजन लागतं. कमी बसवला तर जागेचं वजन लागतं. काकूंचं खोकं जवळपास ११० लिटरचं, म्हणजे २२० पिशव्यांएवढं. आणि त्यात खाण्याचा माल किती? साडेआठ किलो.

"पण हलकी वस्तू न्यायला त्यांना कष्ट कमीच पडतात ना?" काकूंनी विचारलं. हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, आणि त्याचं उत्तर काउंटरवर मिळत नाही, विमानाच्या पोटात मिळतं.

आमचं पार्सल पुण्यातून ट्रकनं मुंबईला जातं आणि तिथून विमानात चढतं. बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानाच्या पोटात बहुतेक माल सुटा टाकत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचे ठरावीक आकाराचे डबे असतात, त्यांचा एका बाजूचा खालचा कोपरा विमानाच्या गोलाईप्रमाणे कापलेला असतो. त्यातला सगळ्यात सर्रास वापरला जाणारा डबा म्हणजे एलडी-३. आतली जागा सुमारे ४.३ घनमीटर. मालासकट त्याचं कमाल वजन १,५८८ किलो, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं की जवळपास १,५०० किलो माल त्यात चालतो.

आता काकूंच्या खोक्यासारखीच खोकी त्यात भरली असं धरू. एक खोकं ०.१०९७ घनमीटरचं. एकही फट न सोडता रचली तरी ३९ खोकी बसतात. त्यांचं काट्यावरचं वजन किती? ३९ गुणिले ९.८, म्हणजे ३८२ किलो. डबा दारापर्यंत गच्च भरला, चाळिसावं खोकं आत जात नाही, आणि वजनाची जेमतेम चौथाई वापरली गेली. विमान कंपनीनं फक्त काट्याप्रमाणे पैसे घेतले असते तर त्या डब्याची कमाई ३८२ किलोची. शेजारच्या डब्यात कुणी यंत्रांचे सुटे भाग भरले असतील तर त्याची कमाई १,५०० किलोची. दोन्ही डबे जागा सारखीच अडवतात, आणि वैमानिकाचा पगार, विमानतळाचं भाडं, विमानाचा हप्ता हे त्यातल्या वजनाकडे बघत नाहीत. इंधन थोडं कमी जळतं एवढाच फरक. फक्त वजनावर पैसे घेतले तर सुटे भाग पाठवणारा माणूस काकूंच्या चिवड्याचं भाडं भरत असता.

म्हणून विमान वाहतुकीत जुना नियम आहे की हलका माल जागेवर मोजायचा. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा, तिच्या हिशेबात साधारण मालवाहतुकीला भाजक ६,००० आहे, म्हणजे घनमीटरला सुमारे १६७ किलो. एक्स्प्रेस कुरिअर ५,००० वापरतात, म्हणजे घनमीटरला २०० किलो. भाजक जितका लहान, तितकं तेच खोकं जड. पाण्याचं घनमीटरला १,००० किलो असतं हे लक्षात घेतलं तर २०० ही काही फार कडक अट नाही. पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढी घनता असली की झालं. डाळ, तांदूळ, मसाले, पुस्तकं ही अट सहज ओलांडतात. चिवडा, उशा, आकाशकंदील, भातुकलीचे डबे ओलांडू शकत नाहीत.

रस्त्यावरही हेच गणित हळूहळू आलं. अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस यांच्या रस्त्यानं जाणाऱ्या पार्सलांना पूर्वी हा नियम फक्त ३ घनफूट किंवा त्याहून मोठ्या खोक्यांना लागायचा. २०१५ च्या सुरुवातीच्या सुमारास दोघांनीही तो सगळ्या खोक्यांना लावला. ऑनलाइन खरेदीमुळे चमचाभर वस्तू हातभर खोक्यातून येऊ लागल्या होत्या, आणि ट्रक वजनाआधी जागेनं भरायला लागले होते.

काकांना हे पटलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण हवा पाठवतोय आणि तिचे पैसे देतोय." बरोबर तेच. मग मी म्हटलं, चला, हवा काढू.

खोकं उघडलं. आत आठ प्लास्टिकच्या गोल बरण्या, प्रत्येकीचं झाकण टेपनं बंद, लाडवांची खोकी, आणि सगळीकडे वर्तमानपत्राचे बोळे. काकूंनी मनापासून भरलं होतं, काही हलू नये म्हणून. पण गोल बरणी चौकोनी खोक्यात ठेवली की चार कोपरे रिकामे राहतात. वर्तुळ आणि त्याला घेरणारा चौकोन यांचा हिशेब सगळ्यांनी शाळेत केलेला असतो: चौकोनातले शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तर भाग वर्तुळ घेतं, बाकीचे साडेएकवीस जातात. त्यात चकली बरणीत गळ्यापर्यंत भरता येत नाही, वरचं तीन बोटं रिकामं. आणि बरण्यांमध्ये, बरण्यांच्या वर, बरण्यांच्या खाली बोळे.

मी सगळा माल टेबलावर मांडला आणि प्रत्येक जिन्नस प्रत्यक्षात किती जागा घेतो ते मोजलं. त्यासाठी माझ्याकडे पाच लिटरचं तेलाच्या डब्यासारखं चौकोनी भांडं आहे. दोन किलो बेसनाचे लाडू खोक्यांसकट चार लिटर. दीड किलो शंकरपाळे साडेतीन लिटर. एक किलो करंज्या साडेतीन लिटर. दोन किलो चकली आठ लिटर. आणि दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा चौदा लिटर. एकूण तेहतीस लिटर. म्हणजे ११० लिटरच्या खोक्यात माल फक्त ३३ लिटर होता.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पाच लिटरला एक किलो या मापानं दोन किलो लाडू जेमतेम पाऊण-एक किलोची जागा घेतात, तर दोन किलो चिवडा जवळपास पावणेतीन किलोची. लाडू जागेत स्वस्त, वजनात महाग. चिवडा उलटा. दोन्ही एका खोक्यात असले की लाडवाची उरलेली जागा चिवड्याला मिळते आणि चिवड्याचा हलकेपणा लाडवाला.

नेमकं इथंच काकांनी एक सूचना केली, जी ऐकायला अगदी शहाणपणाची वाटते. "हलकं सगळं एका खोक्यात भरू, जड दुसऱ्यात. निदान जड खोक्याला तरी काट्याप्रमाणे लागेल." मी कागदावर करून दाखवलं. चिवडा, चकली, करंजी एकत्र: पाच किलो माल, सुमारे २५ लिटर, आणि भोवती गादी धरून खोकं ४० × ३३ × ३० लागेल. त्याचं जागेचं वजन ७.९२, म्हणजे ८ किलो. लाडू आणि शंकरपाळे वेगळे: ३० × २४ × २१ चं खोकं पुरेल, जागेचं वजन ३ च्या आसपास, पण काट्यावर ३.९ भरेल, म्हणजे ४ किलो. दोन्ही मिळून १२ किलो. पहिल्या खोक्यात जागेचे पैसे, दुसऱ्यात वजनाचे पैसे, आणि दोन्हीकडे महाग तेच आपल्या वाट्याला. एकाच खोक्यात भरलं तर किती येतं ते पुढं बघू, पण १२ पेक्षा नक्की कमी. हलकं आणि जड मिसळून भरायचं, वेगळं करायचं नाही. दोन खोक्यांच्या दोन पावत्या झाल्या तर ही वाटणी हमखास तोट्याची असते.

त्यांचा भाचाही बरोबर आला होता. त्यानं सुचवलं, हवा ओढून घेणाऱ्या पिशव्या आणतो, चिवडा निम्म्या जागेत बसेल. बसेल खरा, पण पोह्यांचा चुरा होऊन. ओढलेली पिशवी दगडासारखी घट्ट होते, आतले तळलेले पोहे एकमेकांवर दाबले जाऊन मोडतात. कपडे, उशा यांना ती पद्धत ठीक, कुरकुरीत खाण्याला नाही. काकूंनी त्याला हात जोडले.

मग भरणी अशी केली. बरण्या सगळ्या बाजूला. चिवडा जाड, बंद होणाऱ्या पिशव्यांत, प्रत्येकी अर्धा किलो. पिशवी टेबलावर दोनदा हलकेच आपटली की चिवडा खाली बसतो, मग तळहातानं फिरवत हवा काढायची आणि पिशवी चपटी, उशीसारखी ठेवायची. चकलीला चौकोनी पुठ्ठ्याचे डबे, दोन थरांमध्ये बटर पेपर. लाडू त्यांच्याच खोक्यात, एकावर एक नाही, शेजारी शेजारी.

माल ३३ लिटरचा, म्हणजे तो सारा ४० × २८ × ३० च्या ठोकळ्यात बसतो. पण खोक्याला आतून गादी हवीच, पार्सल वाटेत किती वेळा पट्ट्यावरून पडतं हे मी पाहिलेलं आहे. सगळीकडून तीन सेंटिमीटर बबल रॅप धरला तर बाहेरचं माप ४६ × ३४ × ३६ होतं. गुणाकार ५६,३०४. जागेचं वजन ११.२६, म्हणजे साडेअकरा किलो. बघा, ३३ लिटरचा माल, पण तीन सेंटिमीटरच्या गादीनं तो ५६ लिटरवर नेला. सहाही बाजूंनी जाडी वाढते म्हणून हे इतकं वाढतं, आणि बहुतेक लोक इथंच फसतात. ते मालाचं माप घेतात आणि गादीला "थोडीशीच तर आहे" म्हणून सोडून देतात.

तेव्हा काकूंनाच सुचलं. "चिवड्याच्या पिशव्याच गादी म्हणून लावू या ना." अगदी बरोबर. चिवडा थोडा दाबला तरी बिघडत नाही, चकली मोडते. चार चपट्या पिशव्या चारही बाजूंना उभ्या लावल्या, मधोमध चकली आणि करंज्या, तळाला लाडू आणि शंकरपाळे. बबल रॅप फक्त तळाला आणि वर. चिवड्यानं स्वतःची जागा घेतली आणि बबल रॅपचीही वाचवली. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मी आणून ठेवलेला पाच प्लायचा बॉक्स ९० रुपयांचा. त्यात सगळं बसवलं, तर बाहेरचं माप ४५ × ३५ × ३२ आलं.

गुणाकार ५०,४००. भागिले ५,००० म्हणजे १०.०८. एवढुशा आठ शतांशासाठी पायरी साडेदहाची, रक्कम ७,५६०. आणि खोक्यात वर अजून बोटभर जागा दिसत होती.

मग मी खोकं बुटकं केलं. हे काम घरीही करता येतं आणि फारसं कुणी करत नाही. चार कोपऱ्यांच्या उभ्या कडांवर वरून एक सेंटिमीटर खाली खूण करायची, त्या खुणेपर्यंत कडा कटरनं उभ्या कापायच्या. मग पट्टी लावून चारही भिंतींवर त्या उंचीला बोथट टोकानं रेघ ओढायची, कापायचं नाही, फक्त दाब द्यायचा. तिथून पाखे आत दुमडले की नवी कड तयार होते. पाखे एक सेंटिमीटरनं लांब होतात, उंची तेवढीच कमी होते. माप ४५ × ३५ × ३१. गुणाकार ४८,८२५, वजन ९.७७, पायरी १०. रक्कम ७,२००.

काट्यावर ठेवलं: ९.६ किलो. बरण्या आणि जुनं खोकं गेलं म्हणून थोडं उतरलं होतं. ९.६ चीही पायरी १०.

काकांना आता चव लागली होती. ते म्हणाले, "अजून एक सेंटिमीटर कापू? साडेनऊ येईल." ४५ × ३५ × ३० चं जागेचं वजन ९.४५ येतं, हे खरं. पण आता काटा आडवा येतो. काटा ९.६ म्हणतो, म्हणून खोकं काडेपेटीएवढं केलं तरी बिल १० किलोचंच. जागेचं वजन काट्याच्या वजनाखाली उतरलं की खोकं कापण्यात काही उरत नाही. तिथून पुढं कमी करायचं असेल तर माल कमी करावा लागतो, आणि काकू काही एक लाडू काढायला तयार नव्हत्या.

आता तोच एलडी-३ डबा पुन्हा घ्या. या नव्या मापाची खोकी त्यात ८८ बसतात. त्यांचं खरं वजन ८४५ किलो. जुन्या मापाची ३९ खोकी, खरं वजन ३८२, पण २२ नं बिल केलं तर ८५८ किलोचे पैसे. म्हणजे डब्याची कमाई जवळजवळ तेवढीच राहते, मग लोकांनी हवा भरून पाठवो की नीट भरून. काकांनी हे आकडे स्वतः गुणून पाहिले आणि मग पाकिटातून कार्ड काढलं.

काकांनी आणखी एका ठिकाणचा दर आणला होता, ६४० रुपये किलो. माझ्यापेक्षा ८० रुपयांनी स्वस्त. मी त्यांना एवढंच सांगितलं, त्यांना भाजक विचारा. त्यांनी तिथंच उभं राहून फोन लावला. भाजक ४,००० निघाला. ४८,८२५ भागिले ४,००० म्हणजे १२.२१, पायरी साडेबारा, गुणिले ६४० म्हणजे ८,०००. आधीच्या मायक्रोवेव्हच्या खोक्याला तर तिथं साडेसत्तावीस किलो लागले असते. किलोचा दर एकटा काही सांगत नाही. दर आणि भाजक दोन्ही कळले तरच तुलना होते, आणि वजनाची पायरी अर्ध्या किलोची की पूर्ण किलोची हेही विचारून ठेवावं.

बुकिंग करताना मी खोक्यावर मोजायची टेप लावून तीन फोटो काढले, एक लांबीचा, एक रुंदीचा, एक उंचीचा, आणि काट्याच्या आकड्याचा चौथा. कारण काउंटरवर लिहिलेलं माप शेवटचं नसतं. मोठ्या केंद्रावर पार्सल पट्ट्यावरून जाताना वरचे कॅमेरे आणि लेझर त्याचं माप पुन्हा घेतात, आणि त्यांना जे सगळ्यात बाहेरचं टोक दिसतं ते धरलं जातं. सुटलेला टेपचा कोपरा, दोरीची गाठ, वाटेत चेपून फुगलेली बाजू, सगळं मापात येतं. तिथं आकडा वाढला तर फरकाचं बिल नंतर येतं, आणि तेव्हा तुमच्याकडे फोटो नसला तर सांगण्यासारखं काही उरत नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं खोक्यावर वरून एक छोटी पिशवी टेपनं चिकटवून दिली होती, माझ्या लक्षात आली नाही. केंद्रावर उंची सहा सेंटिमीटर जास्त भरली. फरक मलाच भरावा लागला. तेव्हापासून दोरी बांधलेलं किंवा बाहेर काही चिकटवलेलं खोकं मी तसं घेतच नाही.

म्हणून काकूंच्या खोक्याला टेप एकेरी, कडांना घट्ट दाबून लावली. वरचे पाखे सपाट बसताहेत का हे त्यावर पट्टी आडवी ठेवून पाहिलं. पट्टीखाली उजेड दिसला नाही.

तीन दिवसांनी केंद्राचं माप संगणकावर आलं. ४६ × ३५ × ३१. लांबीला एक सेंटिमीटर वाढलं होतं, बहुधा चिवड्याच्या पिशव्या बाजूला सरकून भिंत जराशी फुगली असावी. गुणाकार ४९,९१०. भागिले ५,००० म्हणजे ९.९८. दहाच्या आत, दोन शतांशानं. बिल बदललं नाही. आणखी एक सेंटिमीटर कुठल्याही बाजूला वाढला असता तर साडेदहा झालं असतं. दुसऱ्याच्या मापासाठी थोडी जागा राखून ठेवावी, हे मी त्यानंतर माझ्या हिशेबात धरते. जागेचं वजन पायरीला अगदी चिकटून असेल तर मी गिऱ्हाइकाला तसं बोलून दाखवते आणि त्यांना ठरवू देते.

दिवाळी झाल्यावर काकू रिकाम्या बरण्या न्यायला आल्या. त्या माझ्याकडेच राहिल्या होत्या. लेकीचा फोन आला होता म्हणाल्या. करंज्या सगळ्या शाबूत, चकल्यांतल्या पाच-सहा मोडल्या, आणि चिवड्याच्या एका पिशवीत तळाला थोडा चुरा झाला होता. तो तिनं दह्यात घालून खाल्ला.